या चुका टाळा: दोन द्रावणं मिसळल्यावर साका पडेल का?

वह्या तपासताना मला एकच गणित परत परत चुकलेलं दिसतं, म्हणून तेच घेऊ. 0.008 M Pb(NO3)2 चे 100 मिली आणि 0.10 M NaCl चे 100 मिली एकत्र केले, तर PbCl2 चा साका पडेल का? Ksp घ्या 1.7 × 10⁻⁵, 25 अंशाला.

सगळ्यात जास्त जण इथे अडकतात की बाटलीवरचं कॉन्सन्ट्रेशन जसंच्या तसं टाकतात. अरे पण मिसळल्यावर व्हॉल्यूम 200 मिली झालं ना, म्हणजे दोन्ही निम्मे झाले, Pb²⁺ 0.004 आणि Cl⁻ 0.05. व्हॉल्यूम सारखे नसतील तर निम्मं करू नका, प्रत्येकाचं कॉन्सन्ट्रेशन गुणिले त्याचं स्वतःचं व्हॉल्यूम भागिले एकूण व्हॉल्यूम, एवढंच करा.

आता Q म्हणजे [Pb²⁺][Cl⁻]², म्हणून 0.004 × (0.05)² = 1.0 × 10⁻⁵. Ksp पेक्षा कमी, साका पडणार नाही.

पाणी वाढलंय हे विसरलात तर Q येतो 8 × 10⁻⁵, वर्ग विसरलात तर 2 × 10⁻⁴, दोन्हीकडे उत्तर उलटं, "साका पडेल". आणि तिसरी चूक मला जास्त खटकते कारण ती हुशार पोरं करतात: क्लोराइड दोन आहेत म्हणून आधी 0.05 ची दुप्पट करून 0.10 घेतात आणि मग वर्ग, Q होतो 4 × 10⁻⁵, परत उलटंच. ही दुप्पट येते कुठून? शुद्ध पाण्यात PbCl2 विरघळवताना क्लोराइड 2s असतो, तिथून 4s³ येतं, आणि ते डोक्यात बसलेलं असतं. इथे क्लोराइड मिठातून आलाय, त्याचं कॉन्सन्ट्रेशन आपल्याला आधीच माहीत आहे, दुप्पट कशाला? हां, NaCl च्या जागी 0.10 M CaCl2 असतं तर बाटलीतच क्लोराइड 0.20 असता, तिथे दुप्पट बरोबर, कारण एका CaCl2 मधून दोन सुटतात. म्हणजे दुप्पट करायची की नाही हे क्लोराइड देणाऱ्या मिठावरून ठरवायचं, साक्याच्या फॉर्म्युल्यावरून नाही. घातांक मात्र साक्याच्या फॉर्म्युल्यावरूनच.

आता हिशोब बरोबर आहे पण टेस्ट ट्यूब वेगळं दाखवते, असंही होतं. Q जेमतेम Ksp च्या वर असेल तर द्रावण बराच वेळ स्वच्छ राहू शकतं, स्फटिक सुरू व्हायला जागा मिळत नाही. काचेच्या कांडीने आतली भिंत जरा घासून बघा, पडायचा असेल तर बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो. ट्यूब गरम असेल तर 25 अंशाची Ksp लावू नका, PbCl2 गरम पाण्यात बराच जास्त विरघळतो आणि थंड होताना सुयांसारखे पांढरे स्फटिक दिसतात. आणि साका पाडायचाच म्हणून भरमसाठ क्लोराइड ओतलं तर PbCl4²⁻ सारखे कॉम्प्लेक्स बनून पडलेला साका परत विरघळायला लागतो, तिथे हा साधा Q चा हिशोब पुरत नाही.