तुम्ही न केलेला व्यवहार कार्डावर दिसला तर: कधी, कुठे कळवायचं आणि नुकसान कोणाचं

शुक्रवारी रात्री अकरा चाळीसला मोबाइलवर संदेश येतो: तुमच्या क्रेडिट कार्डावरून १८,४०० रुपये खर्च झाले. कुठल्याशा परदेशी वेबसाइटचं नाव, तुम्ही कधी न ऐकलेलं. ओटीपी आलेला नाही, कारण बऱ्याच परदेशी वेबसाइट तो मागतच नाहीत. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे मिळाले की त्यांचं काम होतं.

अशा वेळी बहुतेक जण आधी घरात विचारतात, मग मित्राला फोन लावतात आणि शेवटी ‘सोमवारी शाखेत जाऊन बघू’ असं म्हणून झोपतात. रात्री घालवलेल्या या वेळाची किंमत मोजावी लागू शकते. भारतीय रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात ग्राहकावर किती भार पडेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरवलं आहे: चूक कोणाची आणि बँकेला कधी कळवलं. डिसेंबर २०१७ मध्ये सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक निघालं. ठाणे-नवी मुंबईत ज्यांचा पगार किंवा पेन्शन सहकारी बँकेत जमा होतं, त्यांनी ‘हे नियम फक्त मोठ्या बँकांचे’ असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नये.

आधी कार्ड बंद, मग बाकीचं

बँकेच्या अॅपमध्ये कार्ड ब्लॉक करण्याची सोय असते, ती सगळ्यात जलद. अॅप नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. तिथे बँकेच्या नावानं खोटे क्रमांक टाकून बसलेले लोक असतात आणि घाबरलेला माणूस नेमका त्यांच्याच हाती लागतो. कार्ड हरवलं तर मागचा क्रमांकही गेला, म्हणून तो आजच मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.

कार्ड ब्लॉक झालं म्हणजे तक्रार झाली असं मात्र नाही. हे दोन वेगळे टप्पे आहेत. फोनवरच्या माणसाला स्पष्ट सांगा: ‘हे व्यवहार मी केलेले नाहीत, तशी तक्रार नोंदवा आणि क्रमांक द्या.’ तक्रारीचा क्रमांक हातात आल्याशिवाय फोन ठेवू नका. बँकेनं अशी तक्रार चोवीस तास घेण्याची आणि पोच लगेच देण्याची सोय ठेवलीच पाहिजे, असं परिपत्रक सांगतं. त्यामुळे ‘सोमवारी शाखेत या’ हे उत्तर मान्य करू नका. फोन लागतच नसेल तर बँकेच्या वेबसाइटवर तक्रारीची जागा असते. तिथे नोंदवा आणि पोच दिसताच स्क्रीनशॉट घ्या.

त्याच रात्री ईमेलही पाठवा. चार ओळी पुरतात:

‘माझ्या कार्डावरून (शेवटचे चार आकडे ----) आज रात्री ११.४० वाजता १८,४०० रुपयांचा व्यवहार झाल्याचा संदेश आला. हा व्यवहार मी किंवा घरातल्या कोणीही केलेला नाही. ओटीपी, पिन किंवा कार्डाचा तपशील मी कोणालाही दिलेला नाही. रात्री ११.५२ वाजता फोनवर तक्रार नोंदवली असून तिचा क्रमांक ---- आहे.’

पूर्ण कार्ड क्रमांक ईमेलमध्ये लिहू नका. आणि यातलं वाक्य न् वाक्य खरं असू द्या. ओटीपी सांगितला असेल तर ‘दिला नाही’ असं लिहू नका. ते उघड झालं की पुढचा सगळा पत्रव्यवहार कमकुवत होतो.

तीन दिवस मोजायचे कसे

कार्डाचा तपशील तिसऱ्याच कुणीतरी चोरला, त्यात बँकेची चूक नाही आणि तुमचीही नाही, असं असेल तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास तुमचा भार शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर भार मर्यादित. त्यानंतर बँकेच्या संचालक मंडळानं ठरवलेलं धोरण लागू होतं आणि ते प्रत्येक बँकेचं वेगळं असतं. बँकेच्याच निष्काळजीपणामुळे किंवा तिच्या आतल्या फसवणुकीमुळे पैसे गेले असतील तर कधी कळवलं याला महत्त्व नाही, भार शून्यच.

दिवस मोजताना संदेश आला तो दिवस धरत नाहीत. आणि कामकाजाचे दिवस म्हणजे तुमच्या मूळ शाखेचे. समजा, आपल्या उदाहरणातल्या बाई, त्यांना माधुरीताई म्हणू, घोडबंदर रोडला राहतात. शुक्रवारी संदेश आला, दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, मग रविवार आणि सोमवारी गणेश चतुर्थी. तिन्ही दिवस बँक बंद. म्हणजे मंगळवार पहिला दिवस, बुधवार दुसरा, गुरुवार तिसरा. गणपतीला कोकणात गेलेल्या आणि मंगळवारी संध्याकाळी परतलेल्या माणसाकडेही वेळ उरतो. पण मूळ शाखा दुसऱ्या राज्यात असेल, तर सुट्ट्यांची यादी तिथली लागेल आणि तिथे सोमवारी बँक चालू असू शकते.

ही मोजणी हक्क सांगायला वापरावी, कळवणं लांबवायला नाही. कार्ड चालू आहे तोवर पुढचा व्यवहार होऊच शकतो.

उशीर झाला तर आकडा कसा निघतो

चौथ्या ते सातव्या दिवसासाठीची मर्यादा खात्यानुसार ठरते. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपये. नेहमीचं बचत खातं किंवा ५ लाखांपर्यंत मर्यादेचं क्रेडिट कार्ड असेल तर १०,००० रुपये. त्याहून मोठ्या मर्यादेच्या क्रेडिट कार्डाला २५,००० रुपये. व्यवहाराची रक्कम याहून कमी असेल तर ती कमी रक्कम धरतात.

इथे एक शब्द लोकांच्या नजरेतून सुटतो. ही मर्यादा प्रत्येक व्यवहारासाठी आहे, सगळ्या तक्रारीसाठी मिळून एकदा नाही.

माधुरीताईंच्या कार्डाची मर्यादा ३ लाख. १८,४०० रुपयांनंतर त्याच रात्री ६,७५० रुपयांचा दुसरा व्यवहार झाला. एकूण २५,१५०. गुरुवारपर्यंत कळवलं असतं तर सगळं परत. त्यांनी पुढच्या सोमवारी कळवलं. मधला शनिवार तिसरा, म्हणजे बँक चालू. तेव्हा सोमवार हा सहावा दिवस. पहिल्या व्यवहारात त्यांचा भार १०,००० आणि दुसऱ्यात पूर्ण ६,७५०, कारण ती रक्कम मर्यादेपेक्षा कमीच आहे. मिळून १६,७५० रुपये त्यांचे गेले, ८,४०० परत आले.

आता वीस हजार रुपये चार-चार हजारांच्या पाच व्यवहारांत गेले असते तर? उशिरा कळवल्यावर वीसच्या वीस हजार त्यांच्यावर, कारण एकही व्यवहार मर्यादेपर्यंत पोचत नाही. म्हणून लहान रकमांचे संदेश ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडू नका. लहान व्यवहारातच उशीर सगळ्यात महाग पडतो. शिवाय चोरलेलं कार्ड चालतंय का हे पाहायला आधी एखादी किरकोळ रक्कम काढून बघण्याची चोरांची पद्धत आहे.

ओटीपी सांगून बसलात, तरीही कळवा

वीजबिल थकलंय, केवायसी अपूर्ण आहे असं सांगून कोणीतरी ओटीपी घेतला, तर ती ग्राहकाची निष्काळजी धरली जाते आणि कळवेपर्यंत गेलेली सगळी रक्कम ग्राहकाची. इथे तीन दिवसांची सवलत नाही. पण कळवल्याच्या क्षणानंतर जे जाईल ते बँकेचं. समजा, माधुरीताईंनी ओटीपी सांगितला होता, ११.५२ ला तक्रार नोंदवली आणि ६,७५० चा व्यवहार ११.५८ ला झाला. तर १८,४०० त्यांचे, ६,७५० बँकेचे. शरमेनं गप्प बसण्यात इथे मिनिटागणिक नुकसान आहे.

बँक कधी कधी एका ओळीत उत्तर देते: ‘व्यवहार ओटीपीनं झाला, म्हणून जबाबदारी तुमची.’ ओटीपी तुम्ही दिला नसेल तर तिथे थांबू नका. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं परिपत्रकानं बँकेवर ठेवलं आहे. लेखी विचारा: ओटीपी कोणत्या क्रमांकावर, किती वाजता गेला? व्यवहार कोणत्या उपकरणावरून झाला? त्या आधी मोबाइलचं नेटवर्क अचानक गेलं असेल तर तेही लिहा. तुमच्या क्रमांकाचं दुसरं सिम कोणी काढलं असण्याची शक्यता असते.

पोलीस आणि बँक, दोन्हीकडे

पैसे दुसऱ्या खात्यात वळवले गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार भरा. पैसे पुढे काढले जाण्याआधी ते खातं गोठवता येण्याची शक्यता यात असते. ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयांची स्वतंत्र सायबर पोलीस ठाणी आहेत. पण पोलिसांत कळवलं म्हणून बँकेकडची मोजणी थांबत नाही. तीन दिवस बँकेला कळवण्याचे आहेत.

पैसे परत यायचा काळ

कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत बँकेनं वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, तीही व्यवहाराच्या तारखेपासून जमा धरून. ही रक्कम अंतिम नव्हे. चौकशीत तुमची जबाबदारी ठरली तर ती परत वजा होते, म्हणून निकाल येईपर्यंत तिला हात लावू नका. चौकशीला मुदत ९० दिवसांची. तेवढ्यात बँकेला निर्णय देता आला नाही, तर वरच्या नियमांप्रमाणे निघणारी भरपाई तिनं द्यायची असते.

क्रेडिट कार्डाचं बिल मध्येच आलं तर वादातली रक्कम सोडून बाकीचे पैसे वेळेवर भरा. सगळंच बिल अडवून धरलं तर तुमच्या खऱ्या खर्चावर व्याज आणि दंड लागेल. वादातल्या रकमेवर व्याज लावलेलं दिसलं तर त्याच तक्रार क्रमांकाखाली ते काढायला सांगा.

बँकेनं तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क जाता येतं. त्यासाठी आधी बँकेकडे केलेली लेखी तक्रार लागते. सोबत मोबाइलवरचा मूळ संदेश, तक्रार क्रमांक, ईमेल आणि बँकेचं उत्तर जोडा. मूळ संदेश तोवर खोडू नका. तो कोणत्या तारखेला आला यावरच तुमचे तीन दिवस मोजले जातात.