दोन कॉइल मीटरला लावण्याआधी

दोन कॉइलमधलं परस्पर प्रेरकत्व M आणि त्यांची जोड किती घट्ट आहे ते सांगणारा गुणांक k काढायचा, तर आधी कॉइल हलणार नाहीत अशा बसवा. आमच्याकडच्या दोन्ही एकाच पीव्हीसी पाइपवर शेजारी-शेजारी गुंडाळलेल्या, त्यामुळे चिकटपट्टीने भागलं. पुढचं सगळं गणित मधलं अंतर बदललं नाही यावर उभं आहे. जोडणी उलटी करायची तेव्हाही कॉइल फिरवायची नाही, तिची फक्त दोन टोकं अदलाबदल करायची. पत्र्याचं टेबल आणि लोखंडी व्हाइस यांपासून पाइप वीतभर तरी दूर ठेवा.

प्रत्येक कॉइलच्या सुरुवातीच्या टोकाला लाल दोरा बांधा. दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळल्या असतील, तर पहिलीचं शेवटचं टोक दुसरीच्या लाल टोकाला जोडलं की सहाय्यक जोडणी, बिनदोऱ्याच्या टोकाला जोडलं की विरोधी. दिशेची खात्री नसेल तरी अडत नाही. ज्या जोडणीत आकडा मोठा येतो ती सहाय्यक.

एलसीआर मीटर 10 kHz वर ठेवा. 100 µH च्या कॉइलची प्रतिक्रिया 100 Hz वर जेमतेम 0.06 ओहम असते, ती तारेच्या रोधात हरवते. 10 kHz वर सहा ओहमच्या वर जाते. चिमटे एकमेकांना जोडून शॉर्ट करेक्शन करून घ्या.

वहीत चार रकाने आखा: L1, L2, सहाय्यक La, विरोधी Lo. एक कॉइल मोजताना दुसरीची टोकं मोकळी हवीत. इथे हमखास चूक होते. आमच्या कॉइलचे आकडे 100, 144, 304 आणि 184 µH. दुसरीची टोकं चुकून एकमेकांना चिकटली असती, तर पहिली 100 ऐवजी साधारण 94 दिसली असती, आणि तो आकडा बघून कुणाला शंकाही आली नसती. म्हणून आधी ताळा करा: La + Lo ही बेरीज L1 + L2 च्या दुप्पट हवी. इथे दोन्हीकडे 488. जुळलं नाही तर काहीतरी सरकलं आहे किंवा टोकं मोकळी नव्हती, पुन्हा मोजा.

मग M = (La − Lo)/4, म्हणजे 30 µH. √(L1·L2) आला 120, म्हणून k = 30/120 = 0.25. मीटर एक टक्का इकडे-तिकडे असला, तरी M मध्ये जास्तीत जास्त सव्वा µH चा फरक पडतो. चालेल.

पण कॉइल लांब ठेवून k 0.02 वर आला, तर La 248.8 आणि Lo 239.2. एवढ्याशा फरकात तोच एक टक्का अर्धं उत्तर खाऊन टाकतो. त्या दिवशी वजाबाकीच्या नादी लागू नका. सिग्नल जनरेटर, प्रवाह मोजायला एक ओहमचा रेझिस्टर आणि ऑसिलोस्कोप काढून ठेवा. पहिल्या कॉइलमध्ये 10 kHz चा 100 mA प्रवाह सोडून दुसरीच्या मोकळ्या टोकांवरचा व्होल्टेज वाचा: V = 2πf·M·I. M 2.4 µH असेल तर 15 mV दिसतील.