नखाच्या बुरशीवर गोळ्या घेताय? या चुका टाळा

जून उजाडला की माझ्या मालवणच्या दवाखान्यात पायाची नखं दाखवायला येणारे वाढतात. मासेमारी बंद असते, बोटी वर काढलेल्या असतात, त्यामुळे खलाशांना वेळ मिळतो. त्याच सुमारास लावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहून शेतकऱ्यांच्या नखांची दुखणीही डोकं वर काढतात. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, खालून भुसभुशीत झालेलं असतं आणि बहुतेकांच्या पिशवीत आधीच्या उपचाराची अर्धी राहिलेली पाकिटं असतात. ती पाकिटं पाहिली की काय चुकलं ते मला निम्मं तिथेच कळतं. दरवर्षी त्याच चुका दिसतात, म्हणून हे लिहितोय.

तपासणीआधीच गोळी

जाड आणि पिवळं झालेलं प्रत्येक नख बुरशीचं नसतं. सोरायसिसमुळे, बुटाच्या घासण्यामुळे, जुन्या मारामुळेही नख असंच दिसतं. नखाखालचा भुसा काढून तो पोटॅशच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला अर्धा तास पुरतो. एवढं न करता तीन महिने पोटात औषध घालणं मला मान्य नाही.

"गजकर्णावर टर्बिनाफिन चालत नाही, मग नखावर कसं चालेल?"

टर्बिनाफिन ही बुरशी मारणारी गोळी. तिच्याबद्दल हे मी रुग्णांकडून ऐकतो आणि मेडिकलवाल्यांकडूनही. अंगावरच्या गजकर्णात टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आपल्याकडे वाढली आहे, ही गोष्ट खरी. म्हणून अनेक डॉक्टर गजकर्णासाठी इट्राकोनाझोल या बुरशीवरच्याच दुसऱ्या औषधाकडे वळले आणि तीच सवय नखालाही लागली. पायाच्या नखाची गोष्ट मात्र वेगळी आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय अभ्यासात दोन्ही औषधं समोरासमोर ठेवली होती. बारा आठवडे रोज टर्बिनाफिन घेतलेल्यांपैकी 76 टक्के लोकांच्या नखात 72 आठवड्यांनी बुरशी सापडली नाही. इट्राकोनाझोलचे तीन हप्ते, म्हणजे आठवडाभर औषध आणि मग तीन आठवडे सुट्टी असं तीन वेळा, घेतलेल्यांत हेच प्रमाण 38 टक्के होतं. म्हणून पायाच्या नखात ट्रायकोफायटॉनसारखी नेहमीची बुरशी असेल आणि यकृत ठीक असेल, तर माझी पहिली गोळी टर्बिनाफिनच असते.

इट्राकोनाझोल मी राखून ठेवतो. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत भुशातली बुरशी वाढवून पाहिल्यावर, कॅन्डिडा ही वेगळी बुरशी आली, टर्बिनाफिन पूर्ण घेऊनही बुरशी जिवंत राहिली, किंवा अंगभर जुनाट गजकर्ण असून तेच नखात शिरल्याचा संशय आला, तर त्याचा विचार करतो. हृदय कमकुवत असलेल्या माणसाला नखासाठी इट्राकोनाझोल देऊच नये, कारण ते हृदयाचं आकुंचन मंदावतं. कोलेस्टेरॉलच्या सिम्वास्टॅटिनसारख्या काही गोळ्यांबरोबरही ते चालत नाही. टर्बिनाफिनचं असं वैर कमी गोळ्यांशी आहे, पण मेटोप्रोलॉल किंवा नैराश्याच्या काही गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा.

रिकाम्या पोटी कॅप्सूल

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण चांगलं औषध वाया जाताना मी सर्वांत जास्त इथेच पाहिलं आहे.

देवगडकडचा एक पन्नाशीतला खलाशी मागच्या एका जूनमध्ये आला. दोन्ही अंगठ्यांची नखं खराब, डावं तर अर्ध्याहून जास्त. "डॉक्टरानू, तीन वेळा कोर्स केलंय, नख होता तसाच आसा," म्हणाला. त्याला दुसरीकडे इट्राकोनाझोलचे हप्ते दिले होते आणि शेवटचा गेल्या दिवाळीत संपला होता. चिठ्ठी मात्र बरोबर होती: 100 मिलिग्रॅमची दोन कॅप्सूल सकाळी, दोन रात्री, सात दिवस, मग तीन आठवडे सुट्टी, असं तीन वेळा. म्हणजे एकूण 84 कॅप्सूल.

मी त्याला दिवसभराचा क्रम विचारला. पहाटे चार वाजता बोटीवर जायच्या आधी कोऱ्या चहाबरोबर तो सकाळच्या कॅप्सूल गिळायचा. पोटात दुसरं काही नसायचं. त्याच्या अर्धा तास आधी ॲसिडिटीची गोळी, जी तो चार वर्षं रोज घेत होता. इट्राकोनाझोलची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि भरपेट जेवण लागतं. त्याच्या पोटात यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे बरंचसं औषध रक्तात न जाता तसंच बाहेर पडलं असणार. शिवाय बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू होतं. इट्राकोनाझोल ॲम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, आणि कॅप्सूलच्या आठवड्यांत पाय सुजायचे हे त्याने स्वतःहूनच सांगितलं. हे प्रश्न त्याला आधी कुणी विचारलेच नव्हते.

माझी सवय सांगतो. इट्राकोनाझोल लिहिताना मी चिठ्ठीवर वेळ लिहित नाही, "भात-आमटी जेवून उठल्यावर" असं लिहितो. ज्याची ॲसिडिटीची गोळी बंद करता येत नाही, त्याला ही कॅप्सूल मी देत नाही. पैसे वाचवायला 28 कॅप्सूल रोज एक करून महिनाभर पुरवणारेही भेटतात. त्याने हप्ताही होत नाही आणि रोजचा कोर्सही होत नाही. टर्बिनाफिनला जेवणाचं हे बंधन नाही, आणि पहाटे समुद्रावर जाणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही.

यकृताची एकदाही तपासणी नाही, किंवा नुसतीच भीती

त्या खलाशाच्या नखाखालचा भुसा मी काढला. टोकाकडचा नाही, जिवंत नखाच्या जवळचा, कारण टोकाला मेलेलीच बुरशी मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले धागे दिसले. चार आठवड्यांनी कल्चरमध्ये ट्रायकोफायटॉन रुब्रम आली. तोपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. आठ वर्षांचं नख आणखी चार आठवडे थांबू शकतं, हे मी त्याला दोनदा समजावलं.

गोळी सुरू करण्याआधी यकृतासाठीची एसजीपीटी ही रक्ततपासणी केली, 31 आलं. ही पहिली तपासणी मी कुणालाच माफ करत नाही. दोन्ही औषधं क्वचित यकृताला इजा करतात, आणि आधीच यकृताचा आजार असलेल्याला टर्बिनाफिन देत नाहीत. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो असतो, दूषित पाण्याची कावीळ असते. आधीचा आकडा हातात नसेल तर नंतर वाढलेला आकडा गोळीमुळे की साथीमुळे, हे कळायला मार्ग उरत नाही.

जुलैच्या सुरुवातीला टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम, रोज एक, बारा आठवडे असं सुरू केलं. निरोगी माणसात मधली तपासणी लागतेच असं नाही, असं आता बरेच डॉक्टर मानतात. मी सहा आठवड्यांनी एकदा करतो, कारण गोळीमुळे होणारी इजा बहुधा पहिल्या सहा आठवड्यांतच दिसते. त्याचं एसजीपीटी 62 आलं. प्रयोगशाळेची वरची मर्यादा 40 होती. भूक चांगली, लघवी स्वच्छ, खाज नाही. चौकशी केली तेव्हा नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेल्याच्या आनंदात आठवडाभर दारू झाली होती. गोळी चालू ठेवली, दारू बंद केली, दोन आठवड्यांनी आकडा 44 वर आला. माझा नियम असा आहे: मर्यादेच्या तिपटीच्या आत आणि त्रास काही नाही, तर फेरतपासणी. तिपटीच्या वर गेलं तर गोळी बंद. आणि त्रास असेल तर आकडा काहीही असो, गोळी त्याच दिवशी बंद.

त्रास म्हणजे काय, हे मी चिठ्ठीच्या मागे लिहून देतो: जेवण नकोसं होणं, मळमळ, अंगात त्राण नसणं, अंगभर खाज, उजव्या बरगडीखाली दुखणं, लघवी कोऱ्या चहासारखी होणं, शौचाचा रंग फिका पडणं. यातलं काही दिसलं तर कावीळ उतरवायला गावठी औषध घ्यायला जाऊ नका. गोळी थांबवा आणि रक्त द्या. एक बाई लघवी गडद झाल्यावरही नऊ दिवस गोळी आणि झाडपाला दोन्ही घेत राहिल्या. त्या वाचल्या, पण महिनाभर अंथरुणावर होत्या.

गोळीबरोबर यकृताचं टॉनिक घेतलं की तपासणीची गरज नाही, असं समजणारेही येतात. ते टॉनिक मी लिहित नाही. आणि "इट्राकोनाझोल आठवडाभरच असतं, मग यकृताला काही होत नाही" हेही चूक. जोखीम कमी होते, संपत नाही.

टर्बिनाफिनने कधी कधी तोंडाची चव जाते. बांगड्याचं तिखलं पाण्यासारखं लागायला लागलं तर कळवा. गोळी थांबवल्यावर चव सहसा परत येते, पण त्याला कधी कधी महिने लागतात.

नख पाहून कोर्स ठरवणं

ही दुसरी मोठी चूक. महिन्याने नख तसंच दिसतं म्हणून कुणी गोळी सोडतो. बारा आठवड्यांनी तसंच दिसतं म्हणून कुणी स्वतःच आणखी दोन महिने आणून खातो. दोघांनाही नखाची चाल माहीत नसते. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. खराब भाग बरा होत नाही, तो पुढे सरकून कापला जातो, आणि पूर्ण नख बदलायला बारा ते अठरा महिने लागतात. औषध मात्र गोळी थांबल्यावरही नखात काही महिने टिकून राहतं. म्हणून बारा आठवड्यांची 84 गोळ्यांची मोजणी पुरते.

याच्यासाठी मी पहिल्या दिवशी चांगलं आणि खराब नख जिथे भेटतं तिथे कानशीने एक बारीक आडवी खाच पाडतो आणि पट्टी ठेवून फोटो काढतो. त्या खलाशाची खाच सप्टेंबरच्या शेवटी चार मिलिमीटर पुढे गेली होती आणि तिच्या मागे स्वच्छ, गुलाबी, पातळ नख आलं होतं. त्याला मात्र वरचा जाड पिवळा भागच दिसत होता आणि आणखी गोळ्या हव्या होत्या. मी नाही म्हटलं. पिवळेपणा खाच ओलांडून नखाच्या मुळाकडे सरकला असता, तर मात्र मी पुन्हा भुसा तपासला असता आणि औषध बदललं असतं.

पुढच्या गणपतीच्या आधी, गोळी सुरू करून चौदा महिन्यांनी, तो परत आला. उजवं नख पूर्ण स्वच्छ होतं. डावं टोकाला अजून थोडं जाड होतं, तिथला भुसा दोनदा तपासला, धागे नव्हते. ते नख पूर्वी बोटीच्या फळीखाली चेंगरलं होतं, त्यामुळे ते तसंच जाड राहणार, हे त्याला सांगितलं आणि नवी गोळी लिहिली नाही.