ऑनलाइन शिकवणीचा रेझ्युमे : ‘पुन्हा तास घेणारे’ कसे मोजायचे आणि कसे लिहायचे

रत्नागिरी, मालवण किंवा गुहागरला घरी बसून मुंबई-पुण्याच्या मुलांना गणित शिकवणाऱ्यांचे रेझ्युमे बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात: ‘100 टक्के निकाल’. कोकणात तरी हे वाक्य काढून टाकावे. 2025 च्या दहावीत कोकण विभागीय मंडळाचा निकाल 98.82 टक्के लागला होता. जिथे जवळजवळ सगळेच पास होतात, तिथे पास झालेली मुले दाखवून शिकवणीचा परिणाम दिसत नाही.

रेझ्युमे लिहायला बसण्याआधी वही काढा. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ओळ करा: इयत्ता, मंडळ, माध्यम, पहिला फी भरलेला तास कधी झाला, त्यानंतर पुन्हा फी कधी आली, शिकवणी लागण्याआधीच्या शेवटच्या शालेय परीक्षेचे गुण आणि आताचे गुण. फीच्या तारखा यूपीआयच्या नोंदीत सापडतात. गुण मात्र पालकांकडून प्रगतिपुस्तकाचा फोटो मागवून घ्या, मुलाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

आता मुख्य हिशोब: पहिल्या फीनंतर पुन्हा फी भरणारे किती. समजा जून ते जानेवारी या काळात वहीत 24 नावे आली. त्यातली सहा मुले फक्त फुकट डेमो तास करून गेली. ती ग्राहक झालीच नाहीत, म्हणून वगळली; उरली 18. यातली तिघे जानेवारीतच आली आणि त्यांचा पहिला महिना अजून संपलेला नाही. त्यांना पुन्हा फी भरायची वेळच आलेली नाही, तेव्हा तीही बाजूला. राहिलेल्या 15 पैकी 12 जणांनी पुढची फी भरली. म्हणजे 80 टक्के. हाच हिशोब 24 वर केला तर 50 टक्के येतो आणि तुमचेच नुकसान होते.

उलट बाजूची चूक जास्त दिसते. महिन्याच्या फीत 12 तास असतील तर काहीजण पहिल्यानंतरचे 11 तास ‘पुन्हा बुकिंग’ म्हणून धरतात. पैसे एकदाच आले, म्हणजे बुकिंगही एकच. धाकटा भाऊ आला तर तो नवा विद्यार्थी. त्याची नोंद ‘ओळखीतून आलेले’ अशी वेगळी ठेवा. मार्चमध्ये दहावी संपली म्हणून थांबलेल्या मुलांना ‘सोडून गेले’ म्हणू नका.

रेझ्युमेत ओळ अशी येईल: ‘जून ते जानेवारी: पहिला महिना पूर्ण केलेल्या 15 विद्यार्थ्यांपैकी 12 जणांनी शिकवणी पुढे चालू ठेवली.’ टक्केवारी एकटी लिहू नका. लहान आकड्यांवरची टक्केवारी वाचणाऱ्याला संशयास्पद वाटते. आणि उरलेले तिघे का गेले, हे विचारणारच. उत्तर वहीत असू द्या.

गुणांचेही तसेच. दहावीच्या गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे 40-40 गुणांचे दोन पेपर असतात, म्हणून लेखी 80 ची तुलना 80 शीच करा. घटक चाचणीतले 20 पैकी 17 आणि पूर्वपरीक्षेतले 80 पैकी 58 शेजारी मांडले तर मूल मागे गेल्यासारखे दिसते. समजा नऊ मुलांचे दोन्ही गुण मिळाले आणि फरक असे निघाले: −3, 2, 6, 9, 11, 13, 14, 17, 21. इथे 21 मिरवण्याचा मोह होतो. त्याऐवजी मधला आकडा घ्या: ‘नऊपैकी आठ जणांचे गुण वाढले, मधली वाढ 80 पैकी 11 गुण.’ घसरलेला एक लपवला नाही, म्हणून उरलेल्या आठांवर विश्वास बसतो. नावे आणि गुणपत्रिकेचे फोटो जोडू नका. मुले अल्पवयीन आहेत.

विषयाच्या रकान्यात ‘गणित, विज्ञान, इंग्रजी’ एवढेच नको. ‘नववी-दहावी गणित, राज्य मंडळ, सेमी-इंग्रजी’ लिहिले की पालकाला लगेच कळते.

प्लॅटफॉर्मची नुसती नावे लिहून उपयोग नाही, त्यावर काय करता ते लिहा: ‘झूमवर तास, पेन टॅबलेटवर भूमितीच्या रचना, जिओजेब्रात वर्तुळाची प्रमेये, गूगल क्लासरूमवर गृहपाठ.’ झूमच्या फुकट खात्यावर बैठक 40 मिनिटांनी बंद पडते, म्हणून तास 60 मिनिटांचा सांगत असाल तर सशुल्क खाते आहे हेही नोंदवा.

याच रकान्यात कोकणातल्या शिक्षकाने एक ओळ जास्तीची घालावी, कारण पावसाळ्यात वीज जाते हे मुंबईच्या पालकालाही ठाऊक असते: ‘इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट, रद्द झालेला तास त्याच आठवड्यात भरून.’ शेवटचा भाग खरोखर पाळत असाल तरच लिहा.

सगळे एका पानात बसवा आणि पीडीएफ करूनच पाठवा. वर्डची फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की रकाने सरकतात, आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर तर वाचताच येत नाही. पुन्हा फी भरणाऱ्यांचा आकडा दर तिमाहीला नव्याने काढा आणि त्याच्याशेजारी कालावधी बदलायला विसरू नका.