दत्तक घेताना वयातल्या अंतराचं गणित: या चुका टाळा

पंचवीस वर्षांचं अंतर म्हणजे जन्मसालांची वजाबाकी, असं धरून बसणारे कमी नाहीत. केंद्राच्या 2022च्या दत्तक नियमावलीनुसार मूल आणि दत्तक पालक यांच्या वयात किमान 25 वर्षांचं अंतर लागतं. हे अंतर तारखेला तारीख लावूनच काढायचं असतं.

समजा, आईचा जन्म 14 ऑगस्ट 1995चा आणि मुलाचा 2 ऑगस्ट 2020चा. सालं वजा केली की 25 येतात आणि सगळे खूश. पण आईला पंचवीस पूर्ण झाली 14 ऑगस्ट 2020ला, मूल त्याआधीच जन्मलेलं. अंतर 24 वर्षं 11 महिने 19 दिवस, म्हणजे बारा दिवस कमी. पूर्ण झालेली वयं वजा करणारेही इथेच फसतात. 5 फेब्रुवारी 2025ला आई 29, मूल 4, उत्तर 25. 10 ऑगस्ट 2025ला आई 29, मूल 5, उत्तर 24. माणसं तीच, उत्तरं दोन! अंतर पूर्ण वर्षांत नेमकं बसत नसेल, तर ही पद्धत कधी बरोबर सांगते, कधी एक वर्ष जास्त. कमी कधीच सांगत नाही. म्हणून चूक नेहमी सोयीची वाटते.

"थोडं थांबू, मग बसेल," हेही ऐकू येतं. थांबून काय होणार? दोन जन्मतारखांमधलं अंतर वाढत नाही. वाढते ती जोडप्याच्या वयांची बेरीज, आणि तिला वरची मर्यादा आहे. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर 85.

दिवस मोजून 365ने भागण्याचा शॉर्टकट तर नकोच. वरच्या आईसाठी 25 वर्षं म्हणजे 9132 दिवस, कारण मध्ये सात लीप दिवस येतात. मूल 8 ऑगस्टचं असतं तर 9126 भागिले 365 म्हणजे 25.003, आणि सहा दिवस कमी असूनही पास. त्यापेक्षा पालकाच्या जन्मतारखेत 300 महिने मिळवा. एक्सेलच्या A2 मध्ये पालकाची तारीख, B2 मध्ये मुलाची:

```
=IF(EDATE(A2,300)<=B2,"पात्र","अपात्र")
```

तारखा टाइप केल्यावर महिना शब्दात दाखवून बघा. 02-08 ची 8 फेब्रुवारी झालेली सहज नजरेतून सुटते. जन्म 29 फेब्रुवारीचा असेल तर हे सूत्र 28 धरतं. तिथे 1 मार्च धरलेला बरा.

जोडपं असेल तर दोघांचं अंतर वेगवेगळं तपासा. अडकतो तो दोघांतला लहान.

शाळेत घातलेली 1 जून ही आणखी एक डोकेदुखी. दाखल्यावर एक तारीख, आधारवर दुसरी असेल तर गणिताआधी कागद जुळवा. मुलाची तारीखही फाईलमधल्या कागदावरचीच घ्यायची, "साधारण चारेक वर्षांचं" यावरून नाही.

नातेवाईकाचं मूल किंवा सावत्र मूल या नियमावलीखाली घेताना ही वयाची अट लागू नाही. 1956च्या हिंदू दत्तक कायद्याचं गणित मात्र वेगळं: पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा दत्तक घेतला तर अंतर किमान 21 वर्षं. तिथे सूत्रात 252 महिने घाला.