वर्गाची प्रगती दोन चाचण्यांनी मोजताना या चुका टाळा

समजा, वर्गात १५ मुलं आहेत. अपूर्णांक शिकवायला घेण्याआधी तुम्ही २० गुणांची पूर्वचाचणी घेतली, तिची सरासरी ८ आली. चार आठवड्यांनी उत्तरचाचणी घेतली, सरासरी १३. वहीत नोंद झाली: ५ गुणांची वाढ.

वजाबाकी बरोबर आहे, पण नोंद चूक आहे. उत्तरचाचणीच्या दिवशी तीन मुलं गैरहजर होती आणि पूर्वचाचणीत त्यांना ३, ४ आणि ५ गुण होते. दोन्ही चाचण्या दिलेल्या १२ जणांचीच पूर्वचाचणीची सरासरी काढली, तर ती ९ येते. म्हणजे वाढ ४ गुणांची. पाचवा गुण कुणी शिकून मिळवलेला नाही, तो तीन कच्च्या मुलांच्या गैरहजेरीतून आला. मोठ्या वर्गात तीन जणांनी फारसं बिघडत नाही; १५ जणांच्या वर्गात तीन म्हणजे पाचवा हिस्सा.

म्हणून पहिला नियम: दोन्ही चाचण्या दिलेल्यांचेच गुण मोजा आणि किती जण सुटले, त्यांचे पूर्वचाचणीचे गुण किती होते, हे वेगळं लिहा. त्यासाठी दोन्ही उत्तरपत्रिकांवर हजेरी क्रमांक हवा. मुलांनी मोकळेपणाने लिहावं म्हणून नाव नको असेल, तर प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्या आणि तोच दोन्ही वेळा लिहून घ्या. निनावी गठ्ठ्यांच्या जोड्या नंतर कुणालाही लावता येत नाहीत.

सरासऱ्यांची वजाबाकी करून थांबू नका

आपल्या १२ जणांचे गुण असे आहेत:

पूर्व: ६, ८, ५, ११, ९, ७, १२, १०, ४, १८, ८, १०
उत्तर: ११, १०, १२, १४, १३, ७, १६, १५, १०, १९, १४, १५
फरक: ५, २, ७, ३, ४, ०, ४, ५, ६, १, ६, ५

यापुढे कामाची ओळ तिसरी. पुढचं सगळं गणित या १२ फरकांवर करायचं. त्यांची सरासरी ४ आणि प्रमाण विचलन २.१३ आहे. प्रमाण विचलनाला १२ च्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी मिळते, सुमारे ०.६२. सरासरीला प्रमाण त्रुटीने भागलं की टी-मूल्य ६.५. बारा जणांसाठी, म्हणजे एक कमी करून ११ च्या ओळीत, ५ टक्के पातळीवरचं टी-कोष्टकातलं मूल्य २.२० आहे, म्हणजे ही वाढ निव्वळ योगायोगाची मानणं कठीण. पण मला टी-मूल्यापेक्षा पुढचा आकडा जास्त मोलाचा वाटतो: २.२० ला ०.६२ ने गुणून येणारे साधारण १.३५ सरासरीच्या दोन्ही बाजूंना मोजा. सरासरी वाढीचा ९५ टक्के विश्वासाचा पल्ला २.६५ ते ५.३५ गुण असा मिळतो. वाढ किती आणि तिच्याबद्दलची खात्री किती, हे त्यातून एकदम कळतं.

फरकांचा रकाना D असेल, तर स्प्रेडशीटमध्ये इतकंच लागतं:

```
=AVERAGE(D2:D13)
=STDEV.S(D2:D13)/SQRT(12)
=T.INV.2T(0.05,11)
```

इथे नेहमीची चूक अशी की, दोन रकाने म्हणजे जणू दोन वेगळे वर्ग असं धरून टी-चाचणी लावली जाते. `T.TEST` वापरत असाल तर शेवटचा आकडा 1 हवा, तो जोड्यांसाठी असतो. 2 किंवा 3 दिला की स्वतंत्र गटांचं गणित होतं. आपल्याच गुणांवर ते केलं तर टी-मूल्य ६.५ वरून २.८ वर घसरतं आणि पल्ला सुमारे १ ते ७ गुण इतका पसरतो. पूर्वचाचणीत कुणाला ४ होते, कुणाला १८. मुलांमधली ही तफावत तुमच्या शिकवण्याच्या आधीपासूनची आहे. प्रत्येकाचे गुण त्याच्याच गुणांतून वजा केले की ती बरीचशी निघून जाते. स्वतंत्र गट धरले की तीच गोंधळ बनून आकड्यांत राहते. विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये ही पद्धत मांडली, तेव्हाचं त्यांचं एक उदाहरणही असंच होतं: १० रुग्णांच्या झोपेत पडलेले फरक.

एखादाच फरक बाकीच्यांहून फार मोठा असेल, तर टी-मूल्यावर विसंबू नका. नुसतं मोजा: ११ जण वर गेले, एक जागेवर राहिला, खाली कुणीच नाही. हलणारे ११ च्या ११ एकाच दिशेला जाण्याची शक्यता, नाणं उडवण्याच्या हिशेबाने, हजारात सुमारे एक.

‘कच्च्या मुलांनाच जास्त फायदा झाला’ असं घाईने म्हणू नका

पूर्वचाचणीत तळाशी असलेले तिघे (४, ५, ६ गुण) सरासरी ६ गुणांनी वाढले. वरचे तिघे (१८, १२, ११) जेमतेम २.७ गुणांनी. हे पाहून मन सुखावतं, आणि मला सर्वांत जास्त भीती याच निष्कर्षाची वाटते. शिकवणं एकसारखं लागू पडलं असतं तरी असंच चित्र दिसू शकतं, आणि त्याला दोन कारणं आहेत.

पहिलं, छत. १८ गुणांच्या मुलीला वाढायला दोनच गुण शिल्लक होते. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांसाठी वापरलेलं माप इथे उपयोगी पडतं: मिळवलेली वाढ भागिले शक्य असलेली वाढ. आपल्या वर्गासाठी ४ भागिले ११, म्हणजे ०.३६. हेक यांच्या वर्गवारीत ०.३ ते ०.७ म्हणजे मध्यम. हे गुणोत्तर वर्गाच्या सरासरीवर काढा, एकेका मुलावर नको: १८ वरून १९ वर गेलेल्या मुलीचं ते ०.५ येतं आणि ४ वरून १० वर गेलेल्याचं ०.३८. एका प्रश्नाने तिचं गुणोत्तर ० किंवा १ झालं असतं.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. प्रश्न चार पर्यायांचे असतील, तर काहीही न येणाऱ्याला २० पैकी अंदाजाने सरासरी ५ गुण पडतात, दोन-एक इकडेतिकडे. म्हणजे तळाचे तिघे नशिबाच्या पट्ट्यातच होते. ज्यांचं नशीब त्या दिवशी वाईट होतं तेच तळाशी निवडले गेले, आणि पुढच्या वेळी नशीब साधारण असलं तरी ते वर सरकणारच. यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात. तपासायचं असेल तर शिकवण्याआधीच आठवडाभराच्या अंतराने दोन पूर्वचाचण्या घ्या. पहिलीतले तळाचे तिघे दुसरीत न शिकवताच किती वर आले, तेवढी वाढ शिकवण्याच्या नावावर टाकू नका.

वाढ शिकवण्यामुळेच झाली, हे गृहीत धरू नका

तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली तर मुलांना उत्तरं आठवतात. पूर्ण नवी काढली आणि ती सोपी निघाली तर सगळे हुशार झाल्यासारखे दिसतात. दोन समांतर प्रश्नपत्रिका करा आणि चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग पाडा. एका भागाला आधी ‘अ’ मग ‘ब’, दुसऱ्याला उलट. एक पत्रिका सोपी असली तरी एकूण सरासरीत तो परिणाम जवळपास फिटून जातो.

तुलनेसाठी दुसरा वर्ग बहुतेकांकडे नसतोच. त्याऐवजी दोन्ही चाचण्यांत पाच प्रश्न अशा घटकावर ठेवा, जो या चार आठवड्यांत शिकवला जाणार नाही. अपूर्णांक शिकवत असाल तर कोनमापनावर. त्यांचे गुण या २० मध्ये मिळवू नका. अपूर्णांकांवर ४ गुण वाढले आणि कोनांच्या पाच प्रश्नांत काहीच हललं नाही, तर वाढीचं श्रेय तुमच्या तासांकडे जायला जागा आहे. कोनांतही त्याच प्रमाणात, म्हणजे पाचात एक गुण, वाढला असेल, तर मुलांना चाचणीची सवय झाली असेल, घरी कुणी शिकवत असेल, किंवा पहिल्या दिवशी त्यांनी नुसत्या खुणा केल्या असतील.

राहता राहिला तो ७ वरून ७ वर थांबलेला मुलगा. त्याच्या दोन्ही उत्तरपत्रिका प्रश्नागणिक शेजारी ठेवून पाहा. तेच सात प्रश्न बरोबर आले असतील तर तो जिथे होता तिथेच आहे. सातही वेगळे असतील, तर त्याच्या दोन्ही वेळच्या गुणांत अंदाजाचाच भाग मोठा असण्याची शक्यता जास्त, आणि त्याला काय येतं हे त्या कागदांवरून कळणार नाही. समोर बसवून दोन गणितं सोडवून घ्यावी लागतील.