टीव्ही हॉलची सूचना कशी लिहावी: वसतिगृहाच्या रेक्टरसाठी

रेक्टर झालो त्या वर्षी मी पहिली सूचना लावली: ‘टीव्ही माफक आवाजात पाहावा व सर्वांना समान संधी द्यावी.’ आठवड्यात तीन भांडणं माझ्या दारात आली. माफक म्हणजे किती, हे हॉलमधले एक सांगत होते आणि भिंतीपलीकडच्या खोलीतले दुसरंच. तेव्हापासून मी एकच कसोटी लावतो. रात्री वॉचमनला वाद न घालता जे तपासता येईल, तेवढंच सूचनेत लिहायचं.

आधी वेळ. ‘रात्री उशिरापर्यंत नको’ असं न लिहिता आकडा द्या. आमच्याकडे संध्याकाळी ७ ते रात्री १०.३० ही वेळ ठरली, रविवारी सकाळी १० ते १ जास्तीची. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र १० वाजता सुरू होते, म्हणून शेवटचा अर्धा तास आवाज कमी. टीव्ही बंद कोणी करायचा आणि रिमोट कुठे जायचा, हेही लिहा. आमच्याकडे टीव्ही महिन्याचा प्रतिनिधी बंद करतो आणि रिमोट वॉचमनच्या टेबलाच्या खणात जातो.

आवाजाचा आकडा मात्र दुसऱ्या हॉस्टेलच्या सूचनेतून उचलू नका. एका टीव्हीवरचा २० दुसऱ्यावरच्या २० इतका नसतो. आकडा आपल्या हॉलमध्येच काढावा लागतो. पंखे रोजच्या वेगाने चालू ठेवा, कारण पोरं आवाज वाढवतात ती बहुतेक वेळा पंख्याच्या घरघरीमुळे. एकाला मागच्या रांगेत बसवा, आणि तुम्ही सगळ्यात जवळच्या खोलीत दार लावून उभे राहा. जाहिराती लागेपर्यंत थांबा, कारण बऱ्याच चॅनेलवर आवाज तिथेच उसळतो. खोलीत शब्द कळेनासे होईपर्यंत आवाज उतरवत जा. आमच्याकडे १८ वर गाडी थांबली, दहानंतरसाठी १२ वर. तेवढ्यात मागच्या रांगेला ऐकू येत नसेल तर खुर्च्या पुढे ओढा, आकडा वाढवू नका. काही टीव्हींत कमाल आवाज बांधून ठेवायची सेटिंग असते. असेल तर लावून टाका.

आता चॅनेल, म्हणजे खरी डोकेदुखी. रोज हात वर करून मत घेणं दिसायला न्याय्य, पण त्यात क्रिकेटवाले रोज जिंकतात आणि कबड्डीवाल्याला वर्षभर काहीच मिळत नाही. म्हणून मत रोज न घेता आठवड्याच्या संध्याकाळी वाटून द्या.

आमचं उदाहरण घ्या. ७ ते ८ बातम्या ठरलेल्या. ८ ते १०.३० हे अडीच तास सोमवार ते शुक्रवार वाटायचे होते. नियमित येणारे २५ जण, म्हणजे पाच जणांमागे एक संध्याकाळ. क्रिकेटवाले १६, मालिकावाले ५, कबड्डीवाले ४. क्रिकेटला तीन संध्याकाळी आणि एक जण शिल्लक, मालिकेला एक, कबड्डीचे पाच भरत नव्हते, पण उरलेल्यांत त्यांचीच संख्या मोठी, म्हणून पाचवी संध्याकाळ त्यांची. मालिकावाल्यांनी लगेच तक्रार केली की मालिका रोज असते, एक दिवस पाहून काय करू? अडीच तास म्हणजे पाच अर्धे तास. त्यांना रोज ८ ते ८.३० दिलं. त्यांच्या शुक्रवारचे उरलेले दोन तास क्रिकेट आणि कबड्डीला परत केले, कारण अर्धा तास त्यांचाच गेला होता. आयपीएलच्या साडेसातच्या सामन्यात सुरुवातीची षटकं हुकतात म्हणून कुरकुर झाली. होऊ दिली.

शनिवार-रविवार चिठ्ठी टाकायची. ज्याची निघाली, त्याची चिठ्ठी सगळ्यांची होईपर्यंत पुन्हा टाकायची नाही.

सामना १०.३० पुढे गेला तर? इथे सूट आधीच लिहून ठेवा, नाहीतर ऐन शेवटच्या षटकात वीस पोरं तुमच्या दारात उभी राहतील.

आमची सूचना शेवटी अशी झाली:

सूचना: टीव्ही हॉल
१. वेळ: रोज सायं. ७ ते रात्री १०.३०, रविवारी सकाळी १० ते १ सुद्धा.
२. आवाज: १८ पर्यंत. रात्री १० नंतर १२ पर्यंत.
३. चॅनेल: फळ्यावरील तक्त्याप्रमाणे. अदलाबदल दोन्ही गटांच्या संमतीने, आदल्या दिवशी फळ्यावर लिहून.
४. भारताचा सामना लांबल्यास आवाज पूर्ण बंद करून रात्री ११.३० पर्यंत. परीक्षेच्या काळात ही सूट नाही.
५. रिमोट फक्त महिन्याच्या प्रतिनिधीकडे. टीव्ही बंद झाल्यावर वॉचमनकडे जमा.
६. नियम मोडल्यास त्या गटाची पुढची एक संध्याकाळ रद्द.
— रेक्टर

खाली तारीख घाला, आणि तक्ता पुन्हा कधी ठरणार तेही. आम्ही सत्र सुरू होताना माणसं पुन्हा मोजतो. गेल्या खेपेला कबड्डीवाले नऊ निघाले.